इथे थांबा, मुलाकडे पाहा

"मुद्द्याचं बोला, मास्तर!" हे उस्तादांचं पहिलं वाक्य असे आणि बहुतेक वेळा शेवटचंही. एवढं बोलण्यापुरती ते तोंडातली शिट्टी काढत.

चाळीस सालाच्या मागेपुढे रिसोडच्या आमच्या शाळेत ते खो-खो शिकवत आणि मी मराठी. वर्गात सूचना वाचायला दिली, की उस्ताद वरच्या तारखेपासून खालच्या सहीपर्यंत सगळं वाचत. "कागदावर हाय, तं वाचाच लागते." अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. त्यांच्याशी वाद घालण्यात अर्थ नसतो.

त्या वर्षी पालकांनी कुरकुर सुरू केली. मेडशीचे एक शेतकरी बाजाराच्या दिवशी थेट हेडमास्तरांच्या खोलीत आले. "पोरगं गुडघे फोडून घेऊन राह्यलं. शाळेत कायले धाडलं मी त्याले?" त्यांचा गणपत मामाकडे राहून शिकत होता. हेडमास्तरांनी तोडगा काढला. शाळा सोडून जाणाऱ्या मुलांच्या निरोप समारंभात उस्तादांनी प्रत्येक खेळाडूबद्दल बोलायचं. पालकांचं समाधान झालं तर खेळ चालू राहील, नाही तर त्या वेळात गणिताचा जादा तास.

उस्तादांनी जुन्या उत्तरपत्रिकांच्या पाठीवर मुद्दे लिहून माझ्यापुढे ठेवले. "याचं भाषण करा." मी वाचू लागलो. 'केशव. खुंटाजवळ वळण मोठं. दम बरा. हट्टी.' 'हबीब. स्वतःच पळतो, खो देत नाही.' असंच सगळं. ही निरोपाची तयारी होती की फिर्यादीची, मला कळेना.

मी रात्रभर खपून केशवला 'क्रीडाक्षेत्रातील देदीप्यमान तारा' केलं. उस्ताद 'देदी'पाशी अडकले ते अडकलेच. शेवटी म्हणाले, "हा कोन? आपल्या शाळेतला तं नाही."

मग आम्ही दोघं नीट कामाला बसलो. प्रत्येकाचा एकच मुद्दा ठेवायचा. तो मुद्दा तुम्हाला कधी दिसला, हे मी विचारायचं. ते सांगतील तो प्रसंग लिहायचा. दोष खोडायचा नाही, पण त्याच्या मागून मुलगा दिसला पाहिजे. हबीब खो देत नसे. पण वाशिमच्या सामन्यात हातात आलेला गडी सोडून त्याने नेमका खो दिला आणि केशवने तो गडी टिपला. 'तो' म्हणून सुरू करायचं, शेवटचं वाक्य मात्र मुलाला 'तू' म्हणून. वाक्य एका दमात संपलं पाहिजे. कप्तान यादीच्या मधोमध घातला, म्हणजे त्याच्यानंतरची मुलं उरल्यासुरल्यासारखी वाटणार नाहीत.

गणपतच्या कागदावर दोनच शब्द होते. 'बसतो चांगला.'

"उस्ताद, ही काय तारीफ झाली?"

"मंग? आठ पोरं रांगेत पाटीवर बसतात. खो भेटाच्या आधी उठलं का फाऊल. सारेच उतावळे. हा उठत नाही. समोरून गडी गेला, लोकं वरडले, तरी उठत नाही. खो भेटला का मंग पाहा त्याले."

ते मी जसंच्या तसं उतरवलं आणि सगळ्यात शेवटी ठेवलं. उस्तादांना दम घ्यायला जागा मिळावी म्हणून प्रत्येक मुलाच्या शेवटी तांबड्या शाईने सूचना लिहिली. इथेच माझी अक्कल गहाण पडली.

समारंभाला पालक तक्रारीच्या तयारीनेच आले होते. उस्तादांनी केशवचा प्रसंग ठीक सांगितला. मग त्याच आवाजात, शिट्टीच्या जरबेने वाचलं, "इथे थांबा. मुलाकडे पाहा."

मी डोळे मिटले. पण हसलं कुणीच नाही. मैदानावर त्या आवाजाला पोरं जागच्या जागी थांबत. थोरांचंही तेच झालं. केशवच्या वडिलांनी मान वळवून आपल्या मुलाकडे पाहिलं. मग बाकीच्यांनीही पाहिलं. पुढे प्रत्येक मुलापाशी हेच झालं.

गणपतचं सांगून झालं. "इथे थांबा. मुलाकडे पाहा." मेडशीचे गृहस्थ पाहत राहिले. गणपत अर्थातच बसून होता. बाप उठला, त्याच्याजवळ गेला, पाठीवर हात ठेवून म्हणाला, "ऊठ बाप्पा आता." तेव्हा कुठे तो उठला. मला भरून आलं, हे सांगायला आता लाज कसली?

गणिताचा जादा तास झाला नाही.

पुढे उस्ताद निवृत्त झाले. कारंज्याला मुलीकडे राहायला जाणार होते. त्यांच्या निरोपाचं भाषण माझ्याकडे आलं. मी मुद्दे काढले, प्रसंग लावले, शेवटी तांबड्या शाईने एक ओळ लिहिली आणि ती मुद्दाम मोठ्याने वाचली. "इथे थांबा. उस्तादांकडे पाहा."

सगळ्यांनी पाहिलं. खुर्ची रिकामी होती, हार तिच्या पाठीला टांगलेला. खेळाची वेळ झाली होती आणि मी अजून मुद्द्यावर आलो नव्हतो. तेवढ्यात मैदानातून शिट्टी ऐकू आली. आम्ही खिडक्यांशी गेलो. पोरं पाटीवर बसली होती, एकही उठत नव्हतं, आणि उस्ताद त्यांच्याकडे पाहत उभे होते.