नेहमी कोणाला लिहिता?

शिंपीणबाईंचं मेलचं खातं बंद पडलं आणि गिऱ्हाइकांची सगळी मापं आत अडकली. मदत केंद्राने तीन प्रश्न विचारले. खातं कधी उघडलं, ते बाईंना धड आठवेना. पण काजं करायचं मशीन घेतलं तोच महिना, एवढं डोक्यात होतं. म्हणून मशीनच्या पावतीवरून महिना लिहिला आणि पुढे 'अंदाजे' जोडलं. खात्यातल्या जादा जागेचे शेवटचे पैसे कधी भरले, ते पासबुकात सापडलं. तुम्ही नेहमी कोणाला मेल पाठवता? इथे बाईंनी बेधडक थोरल्या बहिणीचा पत्ता ठोकून दिला. बहिणीशिवाय दुसरं नाव लिहायचं म्हणजे लाजच की.

उत्तर आलं, माहिती जुळत नाही.

नवरा म्हणाला, "अगं, तू पाठवलेलं विचारतायत, तुला आलेलं नाही. ताईंना शेवटचं कधी लिहिलंस?"

बाईंनी ताईचा पत्ता खोडला. मग त्यांनी बटणवाल्याचा आणि अस्तरवाल्याचा पत्ता लिहिला.

दुसऱ्या दिवशी खातं उघडलं. मापं जागच्या जागी होती. शोधता शोधता खाली ताईच्या सात मेल दिसल्या, एकीलाही उत्तर दिलेलं नव्हतं. शेवटची दोन वर्षांपूर्वीची, एकाच ओळीची होती.

"माझं काही चुकलं का गं?"