वाढीव चार मिनिटं

माझा स्वभाव संशयी आहे, हे मी लपवत नाही. समाजकार्याच्या महाविद्यालयात वीस-बावीस वर्षं शिकवल्यावर तो तसा होतोच. आजी वारली म्हणून परीक्षेला न आलेल्या मुलाची तीच आजी त्याला पदवीदानाला घेऊन आलेली मी बघितली आहे. एका मुलीने घसा बसल्याचं डॉक्टरचं प्रमाणपत्र आणून चर्चासत्रात पाच मिनिटं वाढवून घेतली, कारण तिला म्हणे हळू बोलावं लागणार होतं. आणि शेवटच्या तीन मिनिटांत तिने गाणं म्हटलं. वरच्या पट्टीत. तेव्हापासून वेळ वाढवून मागणारं कोणीही दिसलं की माझ्या कपाळावर आठी पडते.

म्हणून यंदा एका मुलीची ईमेल आली तेव्हा मी ती तीनदा वाचली. आमच्याकडे दरवर्षी विद्यार्थ्यांचं एक दिवसाचं चर्चासत्र होतं आणि ते भरवायचं काम माझ्या गळ्यात असतं. स्पर्धा नाही, बक्षिसं नाहीत. प्रत्येकाने आपण केलेला अभ्यास मांडायचा, दहा मिनिटं बोलायचं, तीन मिनिटं प्रश्न, दोन मिनिटं पुढच्याने माइकपर्यंत यायला. ही मुलगी दुसऱ्या वर्षाची, कन्हानहून रोज बसने येणारी, वर्गात मागच्या बाकावर बसणारी. तिचा विषय होता, धंतोलीतल्या दवाखान्यांत बाहेरगावाहून पेशंटसोबत येणाऱ्या बाया. पेशंटला खाट मिळते, पण सोबत आलेली बाई कुठे झोपते, कुठे आंघोळ करते, काय खाते.

ईमेल अशी होती:

‘मॅडम, नमस्कार. मला दहा मिनिटं दिली आहेत, चौदा हवी आहेत. कारणं दोन. एक, मी ज्यांच्याशी बोलले त्यातल्या, पेशंटसोबत येऊन आता तिथेच कामाला लागलेल्या एका मावशींचं रेकॉर्डिंग ऐकवायचं आहे. ते पावणेतीन मिनिटांचं आहे. त्यांचं म्हणणं मी माझ्या शब्दांत सांगितलं तर ते माझं होईल. दोन, त्या मावशी स्वतः येणार आहेत, ड्यूटीवरून सुटी टाकून. माझं मूळ भाषण बावीस मिनिटांचं होतं. त्यातले आधीच्या अभ्यासांचा आढावा, चारही तक्ते आणि पाचपैकी दोन निष्कर्ष काढून टाकले. आता विषय एक मिनिट, पद्धत एक, तीन निष्कर्ष सहा, रेकॉर्डिंग तीन, सूचना दोन आणि समारोप एक. जमत नसेल तर आधी कळवावं, म्हणजे मावशींना तसं सांगता येईल.’

बस्स, एवढंच. ‘आदरणीय’ नाही, ‘नम्र विनंती’ नाही, ‘आपली कृपाभिलाषी’ नाही. मला तिथेच पाणी मुरताना दिसलं. आमची पोरं ‘नेटवर्क नव्हतं’ एवढं सांगायला दोन पानं घेतात. आणि कापाकापी? विद्यार्थी स्वतःचं लिखाण कापत नाही. एक तक्ता काढ म्हटलं तर डोळ्यांत पाणी आणतो. हिने चार तक्ते आणि दोन निष्कर्ष आपणहून उडवले होते. हे हिचं डोकं नाही, असं माझ्या मनाने घेतलं.

संशय कोणावर जायचा ते ठरलेलं होतं. तिचे मार्गदर्शक माझ्यासमोरच्याच टेबलावर बसतात. भला माणूस, पण आपल्या विद्यार्थ्याला पुढे करायचं म्हटलं की घड्याळ विसरतो. मी त्यांना सरळ विचारलं, “सर, ही ईमेल तुम्ही लिहून दिली का?”

त्यांनी चष्मा वर करून वाचली. “मी कायले लिहून देऊ? मले तर तिनं सांगितलं बी नाही. पण चांगली लिहिली पोरीनं.” मग थोडं थांबून म्हणाले, “काहून हो मॅडम, तुम्हाले कोणाचं चांगलं पाहवत नाही का?”

मला राग आला. त्यांचं हसणंही मला बनावट वाटलं. मावशी स्वतः येणार, सुटी टाकून येणार, हे वाक्य तर मला अगदीच ठरवून घातलेलं वाटत होतं. नाही म्हटलं तर मी एका गरीब बाईचा हिरमोड करणारी ठरते, म्हणजे बांधून ठेवलं की मला. मी मुलीला बोलावून घेतलं.

ती आली. खांद्याला पिशवी, हातात पाण्याची बाटली. बस म्हटलं तरी उभीच राहिली.

“म्हणून दाखव,” मी म्हटलं आणि मोबाइलवर घड्याळ लावलं.

“आत्ता?”

“आत्ता. आताच येत नसेल तर त्या दिवशी काय येणार?”

तिने सुरुवात केली. माझं लक्ष बोलण्याकडे कमी आणि आकड्यांकडे जास्त होतं. कुठेतरी चुकेल, मग पकडू. रेकॉर्डिंगच्या जागी तिने पिशवीतून फोन काढला आणि आवाज लावला. आमच्या स्टाफरूमचा पंखा एवढा आवाज करतो की अर्धं ऐकू आलं नाही. जिन्याखाली झोपल्याचं काहीतरी, आणि साडी वाळत घालायला जागा नव्हती म्हणून ओलीच नेसल्याचं. तेरा मिनिटं पन्नास सेकंद झाली.

“कोणाची मदत घेतलीस?” मी विचारलं.

“कोणाची नाही, मॅडम.”

“मग हे कापायचं कसं सुचलं?”

“घरी आरशासमोर बोलून पाहिलं. बावीस मिनिटं झाले. मग जे मावशीच सांगून राहिल्या, ते मी कायले सांगू म्हटलं. ते काढलं.”

उत्तर सरळ होतं आणि म्हणूनच मला पटेना. तरी नकार द्यायला कारण सापडलं नाही. त्याच दुपारी मी उत्तर पाठवलं: ‘चौदा मिनिटं मंजूर. तुझं नाव जेवणापूर्वी शेवटी ठेवलं आहे.’ शेवटी ठेवण्यात माझा हिशोब होता. ही लांबली तर दुसऱ्या कोणाची वेळ खाणार नाही, पोळ्या गार होतील तेवढंच. तिचा परत एका ओळीचा निरोप आला, ‘मावशींना कळवलं.’

चर्चासत्राच्या दिवशी उद्घाटनाला पाहुणे चाळीस मिनिटं उशिरा आले. मग दीप, मग स्वागतगीत, मग शाली. ज्यांचं स्वागत करायचं ते बारा जण निघाले, यादीत सात होते. प्राचार्य माझ्या कानाशी येऊन म्हणाले, “दीडला जेवण. पाहुण्यांना पुढे जायचं आहे. पोरांचं आटोपतं घ्या.” मी मान डोलावली. पाहुण्यांचं भाषण पंधरा मिनिटं कमी करा, असं म्हणायची माझी हिंमत झाली नाही. मुलांची वेळ कमी करणं सोपं असतं, ती काय म्हणणार? मी प्रत्येकाला आठ मिनिटं केली आणि टेबलावरची घंटी जवळ ओढली.

मुलं कुरकुरली, पण आटोपली. दोघांना तर अर्ध्या वाक्यात थांबवलं. तिची पाळी आली तेव्हा सव्वा वाजून गेला होता. खरं सांगायचं तर चौदा मिनिटं दिली असती तर दीडच वाजला असता. पाहुणे जागेवर होते. पण माझ्या डोक्यात दुसरंच चाललं होतं. बाकीच्यांना आठ आणि हिला चौदा, मग उद्या सगळे विचारतील, हिचेच लाड काहून? तिचे मार्गदर्शक पहिल्या रांगेत हाताची घडी घालून बसले होते, त्यांच्या चेहऱ्यावर मला विजय दिसत होता. तो होता की नव्हता, देव जाणे. मी चिठ्ठी लिहिली, ‘आठ मिनिटं’, आणि माइककडे पाठवली.

तिने चिठ्ठी वाचली. माझ्याकडे बघितलं नाही. हॉलच्या मागच्या रांगेकडे एकदा बघितलं. मग फाइलमधला वरचा कागद काढून खाली ठेवला आणि त्याच्या मागचा दुसरा कागद वर घेतला. तो आधीच टाइप केलेला होता.

साडेसात मिनिटांत ती संपली. दोनच निष्कर्ष आणि एक सूचना, गोंधळ नाही, घाई नाही. रेकॉर्डिंग नाही. प्रश्नांच्या वेळी पाहुण्यांपैकी एका बाईंनी विचारलं, “या बायांचं स्वतःचं म्हणणं काय आहे? ते तुमच्याकडे आहे का?”

“आहे, मॅडम,” ती म्हणाली. “पावणेतीन मिनिटं लागतील.”

मग तिने पहिल्यांदा माझ्याकडे बघितलं. सगळा हॉलच माझ्याकडे बघत होता. घड्याळात एक पंचवीस झाले होते. मला वाटलं, बघा, प्रश्नाच्या आडून घुसवतेय. हा प्रश्नही आधीच ठरवलेला असणार, त्या पाहुण्या बाईंना कोणीतरी सांगून ठेवलेलं असणार. मी घंटी वाजवली. “जेवणाच्या वेळी बोलू या,” मी माइकवर म्हणाले, आणि लोक उठले.

गर्दीत मी तिला गाठलं. का ते मला सांगता येणार नाही, बहुधा तिची काही चूक अजूनही सापडेल म्हणून. “तो दुसरा कागद कधी केलास?”

“तुमचं मंजूर आलं ना मॅडम, त्याच दिवशी.”

“मंजूर आल्यावर? काहून?”

तिने फाइल छातीशी धरली. “असाच. लिहून देतात, पण देतीलच असं थोडी राहते.” तिच्या आवाजात राग नव्हता. असता तर मला बरं वाटलं असतं. “मावशींले मात्र रेकॉर्डिंग राहून जाऊ शकते, हे मी सांगितलं नव्हतं. तुमचं पक्कं आलं म्हणून त्यांना बोलावलं.”

बाई म्हणून, शिक्षिका म्हणून, माणूस म्हणून मला इतकी लाज क्वचितच वाटली असेल. तिने मागितलं काय होतं? मिनिटं तर होतीच, पण जमत नसेल तर आधी कळवा, हेही मागितलं होतं. ते तर फुकट देता आलं असतं. मी तिच्या प्रत्येक शब्दात खोट शोधत बसले आणि आपला लेखी शब्द एका चिठ्ठीने पुसला. तिने माझा शब्द मी तो मोडण्याआधीच जोखला होता.

जेवणाच्या रांगेच्या कडेला एक बाई उभी होती. इस्त्रीची निळी साडी, केसांना तेल, हातात पर्स घट्ट धरलेली. दवाखान्यात आया असाव्यात असं पायातल्या पांढऱ्या चपलांवरून वाटलं. त्या माझ्यासमोर आल्या आणि हात जोडले.

“मॅडम, तुम्हीच घंटीवाल्या ना जी?”

“हो.”

“माह्या बोलण्यात काही चुकलं का? लावलं नाही म्हून इचारलं. आमचं बोलणं गावंढळ आहे, तसं मी पोरीले पयलेच म्हटलं होतं.”

“नाही, नाही,” मी म्हणाले. “वेळ नव्हता हो.”

त्यांनी मान हलवली. मला समजून घेतल्यासारखी. मग त्या जरा जवळ सरकल्या आणि खालच्या आवाजात, माझी समजूत घालावी तशा, बोलल्या.

“मी लय नव्हती बोलली जी. पोरगी म्हणे, मावशी, थोडक्यात सांगा, तिथं येळ नसतो. म्हून मी माह्या नवऱ्याच्या मरणाचं सांगितलंच नाही.”