काचेचं झाकण आणि स्टीलचा पेला

माझ्या थोरल्या जावेला मी तोंडावर ताई म्हणते आणि अहोजाहो करते. इथे लिहिताना मात्र ती 'ती'च राहील. एवढी सूट मी स्वतःला दिली आहे.

लग्नानंतरचा माझा पहिला गणपती. रत्नागिरीच्या आमच्या घरी गणपती म्हणजे ठाण्याची थोरली जोडी येणार, पाहुणे येणार, आरतीला सगळी आळी येणार. जाऊ त्या वर्षी ओव्हनमध्ये चालणारी काचेची भांडी घेऊन आली होती. खोक्यातून एकेक काढून तिने ती ओट्यावर मांडली आणि बायका त्यांच्याकडे मखराकडे बघावं तशा बघत राहिल्या. त्यातल्या मोठ्या भांड्याला खोलगट काचेचं झाकण होतं.

दुसऱ्या दिवशी सासूबाईंनी मला वालाची उसळ लावायला सांगितली. बिरडं, म्हणजे मोड आलेले वाल, आदल्या संध्याकाळी सगळ्यांनी मिळून सोललं होतं, बोटांची सालं निघेपर्यंत. "झाकणावर पाणी ठेव गो, म्हणजे वाल करपायचे नाय," एवढं म्हणून त्या फुलं आणायला गेल्या. आमच्याकडे ही पद्धतच आहे. कढईवर ताट ठेवायचं, ताटात पाणी घालायचं, आतली वाफ त्या पाण्याने थंड होऊन परत उसळीत पडते. पण त्या दिवशी ताटं सगळी पंगतीला गेलेली. मी इकडेतिकडे बघितलं आणि जावेचं काचेचं झाकण उचललं. उलटं ठेवलं, म्हणजे खोलगट बाजू वर. कढईवर बसलंही छान.

पाणी आधी घालायला हवं होतं. मी विसरले. गॅस मोठा होता, आच कढईच्या कडेने वर येऊन झाकणाच्या काठाला लागत होती. बऱ्याच वेळाने आठवण झाली तशी मी माठातलं तांब्याभर पाणी घेतलं आणि ओतलं.

आवाज फार मोठा नव्हता. टप्प, एवढाच. झाकणाचे जागच्या जागी तुकडे झाले आणि सगळं उसळीत गेलं, पाण्यासकट. वरून बघितलं तर वाल कुठले आणि काच कुठली ते कळत नव्हतं. अख्खी कढई मागच्या खड्ड्यात ओतावी लागली.

मी रडले असते, पण जावेने वेळच दिला नाही. पंगत बसायची होती, सगळे पडवीत जमलेले. ती दारात उभी राहिली आणि खणखणीत आवाजात म्हणाली, "आज उसळ नाय हां कोणाला. आमच्या नव्या सुनेने काचेची फोडणी घातलीन." सगळे हसले. माझा नवराही हसला, त्याचा हिशोब मी नंतर वेगळा केला. सरबताचे ग्लास फिरायला लागले तेव्हा ती वाढणारीला म्हणाली, "हिच्या हातात काच देऊ नको गो. हिला स्टीलचा दे."

थट्टा एका दिवसाची असती तर मी विसरले असते. नाही, खोटं कशाला बोलू, विसरले नसते. पण तिने ती चालूच ठेवली. पुढच्या गणपतीला येताना तिने मला भेट आणली. स्टीलचा पेला, वर माझं नाव घातलेलं, खाली वर्ष. "हा तुझा खास," म्हणाली. तेव्हापासून दर वर्षी सगळ्यांना कोकम सरबत काचेच्या ग्लासातून आणि मला त्या पेल्यातून. स्टीलच्या पेल्यात कोकमाचा रंगसुद्धा दिसत नाही. माझ्याच घरात, मीच केलेलं सरबत मी शिक्षा झालेल्या पोरासारखी पीत होते. मला फक्त एकच गोष्ट हवी होती. काचेचा एक ग्लास, चारचौघांत, तिच्या हाताने.

पेला देऊन ती ठाण्याला परत गेली त्याच आठवड्यात मी बाजारात गेले आणि भांड्यांच्या दुकानातून अगदी तसाच पेला घेतला. त्यावर नाव घालून आणलं. तो चिंध्यांत गुंडाळून कपाटाच्या मागच्या कोपऱ्यात ठेवला. दर गणपतीच्या आधी काढायचे, चिंच लावून घासायचे आणि परत ठेवायचे.

आणि मी काच शिकायला लागले. न्हाणीच्या चुलीवर जुनं पत्र्याचं भांडं ठेवायचे, त्यावर कुठलं तरी टाकाऊ काचेचं झाकण तापवायचे आणि दाराआड उभी राहून लांब दांड्याच्या डावाने पाणी घालायचे. गार पाणी घातलं की बहुतेक वेळा झाकण जायचं. तसल्याच तापलेल्या झाकणावर कढत पाणी घातलं तर काही व्हायचं नाही. पाणी पहिल्यापासून घालून दोन्ही बरोबर तापवलं तरी काही व्हायचं नाही. म्हणजे दोष पाण्याचा नव्हता, आचेचाही नव्हता, दोघांतल्या फरकाचा होता. काच तापली की किंचित फुगते, गार झाली की आखडते. एक भाग फुगलेला आणि शेजारचा एकदम आखडला की दोघांत ओढाताण होते. पितळ असतं तर तेवढं सोसलं असतं. काचेला सोसणं माहीत नाही. माझं आणि काचेचं तेवढ्यापुरतं जमतं.

मग मी माझा ओव्हन घेतला, माझी काचेची भांडी घेतली. खोक्यातल्या कागदावर बारीक अक्षरांत जे लिहिलेलं असतं आणि जे कोणी वाचत नाही, ते मी वाचलं. फ्रीजमधलं भांडं थेट ओव्हनमध्ये जात नाही, आधी बाहेर ठेवून त्याचा गारठा जाऊ द्यायचा. ओव्हनमधलं भांडं ओल्या ओट्यावर ठेवायचं नाही, कोरड्या घडी केलेल्या फडक्यावर किंवा लाकडी पाटावर ठेवायचं. गरम झाकण नळाखाली धरायचं नाही. गॅसच्या आचेवर तर चढवायचंच नाही. तारेच्या घासणीने घासायचं नाही, आत सुरी चालवायची नाही, कारण ओरखडा पडला की काच तिथूनच हार मानते, कधी कधी पुढच्या खेपेला. ओरखडे आलेलं भांडं चिवडा ठेवायला काढायचं. इतक्या वर्षांत माझ्या हातून एकही भांडं फुटलं नाही. ते कोणाला सांगितलं मात्र नाही. वाट बघत होते.

वाट बघण्याचं फळ परवाच्या गणपतीला आलं.

जावेची नवी सून पहिल्यांदाच आली होती. शांत, बघत राहणारी मुलगी. तिला पहिल्याच संध्याकाळी माझ्या वालाच्या उसळीची गोष्ट ऐकवून झाली, पेलाही दाखवून झाला. मग जावेने जाहीर केलं की उद्याच्या नैवेद्याला ती काकडीचं धोंडस करणार, तेही काचेच्या भांड्यात, म्हणजे सुनेला कळेल जुना पदार्थ नव्या पद्धतीने कसा करतात. आमच्याकडे धोंडस पूर्वी जाड बुडाच्या पातेल्यात, वर खाली निखारे ठेवून व्हायचं. तिने तवसं, म्हणजे मोठी जून काकडी, किसलं, तांदळाचा रवा, गूळ, खोबरं कालवलं आणि भांडं भरून फ्रीजमध्ये ठेवलं. भांडं तेच होतं, मी फोडलेल्या झाकणाचं जोडीदार. तळाशी सुरीच्या रेघाच रेघा. त्यात ती वर्षानुवर्षं वड्या कापत आली होती. मी ते बघितलं आणि मला रात्री फार छान झोप लागली.

सकाळी ओव्हन तापत ठेवलेला, खालच्या सळ्या लाल झालेल्या. जावेने फ्रीजमधून भांडं काढलं. बाहेरून त्याला दव धरलेलं. स्वयंपाकघरात सासूबाई होत्या, सून होती, आळीतल्या दोघीतिघी होत्या. मी अगदी मऊ आवाजात म्हटलं, "ताई, ते थोडा वेळ बाहेर राहू द्या. गार आहे. एकदम आत घातलं तर तडकेल."

मी हे चांगुलपणाने सांगितलं नाही. मी सांगितलं तर ती ऐकणार नाही, हे मला पक्कं ठाऊक होतं. म्हणूनच सांगितलं, आणि साक्षीदारांसमोर सांगितलं. ओव्हनला दार असतं, काच आतच राहते, कोणाला लागणार नाही, हाही विचार मी करून ठेवला होता.

"ऐकलंस गो?" ती सुनेला म्हणाली. "आता ही मला काच शिकवणार!"

सगळ्या हसल्या. भांडं आत गेलं, दार लागलं.

मी ओट्याला टेकून उभी राहिले आणि खोबरं किसत राहिले. नारळाची अर्धी वाटी संपायच्या आतच आवाज आला. टप्प. मी तो आवाज कुठेही ओळखला असता. मग पीठ सळ्यांवर पडल्याचा चर्र, आणि जळक्या गुळाचा धूर.

जावेने पाण्याचा तांब्या उचलला. "पाणी नको!" मी ओरडले, "दारपण उघडू नका!" बटण बंद करून पिन काढली आणि सगळ्यांना चार पावलं मागे सारलं. त्या मागे सरल्या. जाऊसुद्धा सरली.

धूर निवला तेव्हा ती ओव्हनच्या काचेतून आत बघत होती. "बाप्पाला काय दाखवायचं आता?" तिचा आवाज खरोखर चिरका झाला होता.

मी माजघरात गेले आणि माझं धोंडस घेऊन आले. पहाटेच करून ठेवलं होतं, काचेच्याच भांड्यात, खाली लाकडी पाट. चारही बाजूंनी खरपूस कड दिसत होती. सासूबाई बराच वेळ त्या भांड्याकडे आणि मग माझ्याकडे बघत राहिल्या. त्यांना सगळं कळलं. त्या एवढंच म्हणाल्या, "पहाटेच केलंस होय," आणि नैवेद्याचं ताट पुढे केलं.

दुपारी आरती झाली, सगळे पडवीत बसले, सरबत निघालं. तबकात सगळे काचेचे ग्लास आणि मधोमध एक स्टीलचा पेला. जावेने तबक माझ्या हातातून घेतलं, सवयीने. सवयीने तो पेला उचलून माझ्यापुढे धरला, आणि थांबली. त्यावरचं नाव तिचं स्वतःचं होतं.

नवी सून सासूकडे बघत होती.

जावेने पेला फिरवून नावाखालचं वर्ष वाचलं. एकदा वाचलं, परत वाचलं. तिला वाटलं असणार, मी काल-परवा करून आणला. वर्ष मात्र तिने मला पेला दिला तेच होतं.

"इतकी वर्षं ठेवलास?" तिने हळूच विचारलं.

"घासून ठेवत होते, ताई," मी म्हटलं.

तिने तबकातला काचेचा एक ग्लास उचलला आणि माझ्या हातात दिला. मग खाली बसून पेल्यातलं सरबत प्यायली, सगळ्यांसमोर, शेवटपर्यंत. मी माझा ग्लास उन्हाकडे धरला आणि त्यातला लाल रंग बघत अगदी सावकाश प्यायले.