ताजमहालासमोर आम्ही दोघं नव्हतो

मी आग्र्याला कधी गेलेलो नाही. माझी बायकोही नाही. आमच्या कंपनीतून निवृत्त झालेल्यांचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप आहे. त्यावर ताजमहालासमोर उभ्या असलेल्या आम्हा दोघांचा फोटो आहे आणि तो मीच टाकला होता. त्या फोटोचं पुढे काय झालं, ते एकदा नीट लिहून ठेवतो.

मूळ फोटो अंबरनाथच्या शिवमंदिराजवळचा. एका सोमवारी दर्शन झाल्यावर तिथल्याच एका माणसाला मोबाईल देऊन काढून घेतला होता. मागे काळ्या दगडाचं देऊळ, पुढे आम्ही. बायकोच्या हातात काठी. तिचे दोन्ही गुडघे गेली काही वर्षं दुखतात, आणि त्याच कारणानं आमची आग्र्याची सहल एकदा ठरून रद्द झाली होती.

ग्रुपवर रोज कोणी ना कोणी कुठे तरी असायचं. कोणी काशीला, कोणी मुलाकडे दुबईला. आम्ही कायम इथेच, शिरगावातल्या घरी. एका दुपारी मी मोबाईलमधल्या एका अ‍ॅपला देवळाचा फोटो दिला आणि लिहिलं, मागचं देऊळ काढून ताजमहाल घाल. पहिल्या वेळी माझा चेहरा माझ्या धाकट्या चुलतभावासारखा आला. दुसऱ्या वेळी ताजमहालाला देवळाचा एक दगडी कोपरा चिकटून राहिला. तिसऱ्या वेळी जमलं. आमच्या सावल्या एकीकडे आणि झाडांच्या दुसरीकडे पडल्या होत्या, पण सावल्या कोण बघतो.

त्या अ‍ॅपनं एक गोष्ट न सांगता केली. बायकोची काठी साडीला टेकलेली होती, तिची त्यानं निरी करून टाकली. बायको ताठ उभी होती आणि तिचा हात मोकळा होता. ते मी पाहिलं आणि राहू दिलं. फोटोच्या कोपऱ्यात, तो बनवलेला आहे हे सांगणारी अ‍ॅपची बारीक खूण होती. ती मात्र मी स्वतः कापली. खाली लिहिलं, ‘ताजमहाल, आग्रा’. आम्ही गेलो होतो असं मी कुठेही लिहिलं नाही, हा मुद्दा मी नंतर बायकोपुढे मांडून पाहिला. तिनं भाजी चिरणं थांबवलं नाही.

फोटो टाकल्यावर तासाभरात ग्रुपवर हात जोडलेले आणि अंगठे आले. तो शुक्रवार होता. शुक्रवारी ताजमहाल बंद असतो हे मला माहीत नव्हतं, आणि ग्रुपवरही कोणी तसं म्हणालं नाही.

संध्याकाळी अंबरनाथ पूर्वेहून माझ्या जुन्या मित्राचा फोन आला. आम्ही दोघांनी कंपनीच्या स्टोअरमध्ये शेजारच्या टेबलांवर नोकरी काढली.

“अरे, वहिनी काठीशिवाय?” तो म्हणाला. “डॉक्टर कोण?”

“डॉक्टर कोणी नाही,” मी म्हणालो. हे खरं होतं.

“मग करतात काय?”

“तेल लावते रोज रात्री.” हेही खरं होतं.

“कुठलं?”

मी नाव सांगितलं. तिकडे त्यानं ते मोठ्यानं उच्चारलं. त्याच्या बायकोनं ते परत विचारून घेतलं. तिचा एक गुडघा पार निकामी झाला होता. उल्हासनगरच्या एका डॉक्टरांनी तो बदलायची तारीख दिली होती आणि मित्र तिला कित्येक महिने मनवत होता, हे मला माहीत होतं. तरी मी “बरं, ठेवतो” म्हणून फोन ठेवला.

चार-पाच दिवसांनी त्याचा पुन्हा फोन आला. आवाज पडलेला होता. “ही डॉक्टरांना ‘ऑपरेशन नको’ म्हणून सांगून आली रे. म्हणते, वहिनी तेलावर आग्र्याला जाऊन आल्या, मग माझीच हाडं का कापायची? तू तरी समजाव हिला.”

मी बायकोला सगळं सांगितलं. ती ऐकून घेऊन उठली, साडी बदलून आली आणि काठी घेऊन दाराशी उभी राहिली.

“फोनवर सांगतो ना,” मी म्हणालो.

“फोनवरच तर सांगितलंत इतके दिवस. रिक्षा बोलवा.”

मित्राचं घर दुसऱ्या मजल्यावर आणि इमारतीला लिफ्ट नाही. बायको एकेक पायरी दोन्ही पाय टेकवत चढली. दार मित्राच्या बायकोनं उघडलं. तिनं आधी काठी पाहिली, मग माझ्याकडे पाहिलं.

“भाऊजी, हे काय? परत दुखायला लागलं का यांचं?”

“थांबलंच कधी होतं,” माझी बायको म्हणाली. “अहो, दाखवा यांना.”

मी मोबाईलवर देवळाचा फोटो उघडून दाखवला आणि त्यानंतर ताजमहालाचा. मूळ कुठला, बनवलेला कुठला, काठी कुठे गेली, खूण कोणी कापली, सगळं क्रमानं सांगितलं. मित्र चष्मा काढून पुसत बसला. त्याची बायको दोन्ही फोटो पुढे-मागे करत राहिली.

“म्हणजे तेलाचा काही उपयोग नाही,” ती म्हणाली.

“झोप लागते,” माझी बायको म्हणाली. “गुडघा आहे तिथेच आहे.”

“मी डॉक्टरांना तोंडावर सांगून आले, तुमचं ऑपरेशन नको म्हणून. आमच्या ओळखीच्या बाई आग्र्याला फिरताहेत म्हणून.” मग माझ्याकडे वळून, “लंडनला तरी टाकायचं होतं. मी विश्वास ठेवला नसता.”

मित्र हसला नाही. “चहा टाक,” इतकंच म्हणाला. तिनं टाकला नाही.

तिची तारीख तोवर दुसऱ्या पेशंटला गेली होती. नवी मिळायला दीड महिना लागला. तो सगळा काळ ती घराबाहेर पडली नाही. भाचीच्या लग्नालाही गेली नाही.

मित्राकडून परत आलो त्याच रात्री मी ग्रुपवर दोन्ही फोटो टाकले आणि लिहिलं, की ताजमहालाचा फोटो अ‍ॅपनं बनवलेला आहे, आम्ही गेलेलो नाही, माझ्या बायकोचे गुडघे बरे झालेले नाहीत. दोघांनी अ‍ॅपचं नाव विचारलं. एकानं सिंगापूर जमेल का विचारलं. पण पहिला फोटो तोवर इतर ग्रुपांवर गेला होता आणि माझा खुलासा काही त्याच्या मागे गेला नाही. नाशिकचा पुतण्या अजून विचारतो, काका, आग्र्याला गर्मी होती का. लिहायचं होतं ते फोटोखाली नाही, फोटोवरच लिहायला हवं होतं. खाली लिहिलेलं मागेच राहतं.

मित्राच्या बायकोचं ऑपरेशन झाल्यावर तिसऱ्या दिवशी मी हॉस्पिटलमध्ये गेलो. ती पलंगावर बसली होती, पायाला जाड पट्टी, शेजारी वॉकर. तिनं मला जवळ बोलावलं आणि माझ्या दंडाला बोट लावून पाहिलं.

“आलात. मला वाटलं, फोटोच पाठवाल.”

“कसं आहे?”

“दुखतं. चांगलंच दुखतं. सकाळी वॉकर घेऊन दारापर्यंत गेले, तर डोळ्यांत पाणी आलं.” जरा थांबून म्हणाली, “तुमच्या ग्रुपवाल्यांच्या बायका मला फोन करून विचारतात, ऑपरेशन करावं की नाही. ग्रुपवरच टाका. काढा फोटो.”

“आत्ता? केस तरी नीट…”

“आहे तसा. पट्टी दिसू दे, सूज दिसू दे. आणि त्याच्यावर लिहा, तिसरा दिवस, दुखतं, दारापर्यंत चालले.”

मी फोटो काढला. तिनं तो मागून घेतला, मोठा करून कोपरे तपासले आणि मगच परत दिला. मी तिच्यासमोर बसून, ती सांगेल तसं, फोटोवरच लिहिलं.