चारशे साठ वेढे

मिस्त्री जो ट्रान्सफॉर्मर गुंडाळत, त्याच्या पोटात एक चिठ्ठी ठेवत. प्रायमरीचे, म्हणजे लाइनकडच्या तारेचे वेढे किती, सेकंडरीचे, म्हणजे मशीनकडच्या तारेचे किती, आणि खाली स्वतःची सही. आळेफाट्यावरच्या त्यांच्या पत्र्याच्या शेडमध्ये मी तिशी ओलांडल्यावर भागीदार म्हणून आलो. पहिल्याच आठवड्यात मला ही चिठ्ठीची सवय फाजील वाटली. मी तसं म्हणालोही. तेव्हा मला सगळंच कळत होतं.

निमगाव साव्याच्या एका ताईंनी अंडी उबवायचं जुनं परदेशी मशीन घेतलं होतं. ते एकशे पंधरा व्होल्टवर चालायचं, आपली लाइन दोनशे तीसची. मधला ट्रान्सफॉर्मर मिस्त्रींनी केला: प्रायमरी चारशे साठ वेढे, सेकंडरी दोनशे चाळीस. गुणोत्तर दोनास एक का नाही, असं मी विचारलं.

"लोड आला की व्होल्टेज बसतो," ते म्हणाले. "वरचे धा वेढे त्यासाठी."

मग दाराच्या मागे खडूने हिशेब मांडला. मशीनला चार अँपिअर, म्हणजे चारशे साठ वॉट. लोखंडात आणि तांब्यात मिळून चाळीस वॉट वाया. लाइनकडून घ्यायचे पाचशे, कार्यक्षमता ब्याण्णव टक्के. पाचशेला दोनशे तीसने भागलं की प्रायमरीचा करंट दोन पॉइंट सतरा.

"पुस्तकातला ट्रान्सफॉर्मर दोनच खातो," ते म्हणाले. "आपला घामबी गाळतो. तार घामासकट धरायची."

दोन महिन्यांनी ताई परत आल्या. गावात सगळ्यांच्या पाण्याच्या मोटारी रात्रंदिवस चालू, त्यामुळे लाइनला एकशे नव्वदच मिळत होते. मशीनला पंच्याण्णव पोचायचे आणि ऊब धरायची नाही. मिस्त्री त्या दिवशी मुलीकडे घोडेगावला गेले होते.

सेकंडरीला वेढे वाढवायला लोखंडाच्या गाळ्यात जागाच नव्हती. प्रायमरी मात्र वरच्या बाजूला, हाताशी होती, आणि तिचे वेढे कमी केले तरी मशीनकडचा व्होल्टेज वाढतोच. मी ऐंशी वेढे सोडवले. तीनशे ऐंशीला दोनशे चाळीस. शेडमध्येही तेव्हा एकशे नव्वदच येत होते. चार अँपिअरचा लोड लावला, मीटरवर बरोबर एकशे पंधरा दिसले आणि मी स्वतःवरच खूश झालो. गुणोत्तर जमलं होतं. करंट मोजला नाही. चिठ्ठीही तशीच आत राहू दिली, चारशे साठची, मिस्त्रींच्या सहीची. आळस, दुसरं काही नाही.

ताईंनी आठशे अंडी लावली. एकोणिसाव्या दिवशी अवकाळी पाऊस आला, रानातल्या मोटारी बंद झाल्या आणि लाइन एकदम दोनशे चाळीसवर चढली. कमी वेढ्यांवर एवढा व्होल्टेज आला की लोखंडाला झेपत नाही. प्रायमरी भरमसाट करंट ओढते. तासाभरात धूर निघाला. ताईंनी मशीनवर गोधड्या टाकल्या, पण पिल्लं वाचली नाहीत.

त्या जळका डबा घेऊन आल्या तेव्हा मिस्त्री होते. त्यांनी झाकण काढलं, चिठ्ठी वाचली आणि जळकी तार सोडवत वेढे मोजू लागले. मोठ्याने नाही, ओठांनीच. तीनशे ऐंशीला तार संपली. त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं.

"चोची मारत व्हती वो आतून," ताई म्हणाल्या. "आवाज येत व्हता मला."

मी हातातली पक्कड पुसत राहिलो.

"माझी चूक हाय, ताई," मिस्त्री म्हणाले. "सही माझी हाय."

ताई डबा तिथेच ठेवून गेल्या. मिस्त्रींनी दारामागच्या हिशेबाखाली खडूने लिहिलं: तांब्यात आणखी तीन वॉट वाया, पाचशे तीन भागिले एकशे नव्वद, दोन पॉइंट पासष्ट. म्हणजे पाऊस आला नसता तरी ती तार रोज भाजतच होती.

"निदान चिठ्ठी तरी बदलायची, राव," एवढंच ते म्हणाले.

मिस्त्रींचा हात आता चालत नाही, ही बातमी निमगावहून फाट्यापर्यंत यायला आठ दिवसही लागले नाहीत. गिऱ्हाईकं शेडमध्ये येऊन मला विचारायची, "भाऊ, तुमी करणार ना? म्हाताऱ्याला नका देऊ." मी हो म्हणायचो. मिस्त्री तिथेच खुर्चीवर बसलेले असायचे, ऐकत. वर्षभरात ते यायचे थांबले. पुढच्या वर्षी गेले. मला माझी लाज वाटते, आणि ती कमी होत नाही.

आजही त्यांचे जुने ट्रान्सफॉर्मर दुरुस्तीला येतात. चिठ्ठी बाजूला ठेवून मी वेढे मोजतो. एखादा तरी चुकलेला निघावा, असं मला मनापासून वाटतं. अजून एकही निघालेला नाही.