चांदीची डावी कूस

मुलुंडच्या डोंगराखाली, मारुतीच्या देवळाबाहेर नलिनी गेली एकोणीस वर्षं गाय घेऊन बसते. लोक तिच्याकडून गवताची पेंढी घेतात, गाईच्या तोंडात देतात, हात जोडतात आणि कामाला लागतात. गाईच्या पोटाचं पुढे काय होतं, हे बघायला त्यांना वेळ नसतो. तो नलिनीनं काढायचा.

त्या शनिवारी मात्र तिनंच घोळ घातला. पहाटे चांदीनं दावं सोडवलं आणि गोठ्यामागच्या लसूणघासाच्या तुकड्यात घुसली. कोवळा, दवानं चिंब घास. नलिनीनं पाहिलं आणि चक्क खूश झाली. खाऊ दे, म्हणाली, आज पेंढ्याची कटकट वाचली. असा शहाणपणा माणसाला सकाळीच सुचतो.

नऊ वाजता गाय नेहमीच्या जागी उभी होती, पण एका जागी ठरत नव्हती. बसायची, उठायची, मागच्या पायानं पोटाला लाथ मारायची. रवंथ बंद.

"काय गं, खाऊन खाऊन माजलीस?" नलिनी बोलली, पण आवाज तिचा तिलाच खोटा वाटला.

एवढ्यात समोरच्या सोसायटीतल्या उत्तराताई आल्या आणि टोपलीतली पेंढी उचलली. दर शनिवारचा नेम. "बघ नलिनी, पोट कसं टम्म भरलंय. तृप्त झाली हो गाय!"

नलिनीनं वळून पाहिलं. डाव्या बाजूला कमरेच्या हाडापुढे जो खळगा असतो, तो भरून पाठीच्या वर आला होता. तिनं बोटांनी टिचकी मारली. ढोलकीसारखं वाजलं.

"तृप्त नाही ताई, फुगलीये," ती म्हणाली आणि ती पेंढी अक्षरशः हिसकावून घेतली. उत्तराताईंना राग आला, पण गाईची जीभ बाहेर आलेली, लाळ गळतेय, श्वास भराभर चाललाय, हे दिसलं तेव्हा त्यांचा राग गळून पडला.

नलिनीनं गुरांच्या डॉक्टरला, मुकुलला, फोन लावला. तो भांडुपला होता.

"काय खाल्लं?"

"लसूणघास. ओला. पहाटे."

"वाट लावलीस. बसू देऊ नको. पुढचे पाय उंचावर घे. तोंडात आडवी काठी बांध, चघळत राहील, लाळ सुटेल. आणि खायचं तेल पाज, पाव ते अर्धा लिटर. घोटाघोटानं हं, जीभ ओढू नको, मान वर ताणू नको. तेल फुप्फुसात गेलं तर मी येऊन उपयोग नाही. निघालोच."

उंच जागा कुठली? म्हाताऱ्या माणसांसाठी देवळाला केलेला उतार. नलिनीनं चांदीचे पुढचे पाय त्यावर चढवले. दर्शनाला आलेली माणसं गाय देवळात निघाली म्हणून नमस्कार करायला लागली! नलिनीला हसूही येईना, रडूही येईना. तिनं कडुलिंबाची फांदी गाईच्या तोंडात आडवी घालून दोरी शिंगांमागे बांधली.

तेलाला शनिवारी काय तोटा? ओट्यावर बाटल्यांची रांग होती. सोसायटीच्या वॉचमननं, लवूनं, एक उचललीसुद्धा.

"ठेव ती. दिव्याचं तेल आहे ते. बाटलीवर लिहिलंय, खाण्यासाठी नाही."

"मग सुई टोचून हवा काढू? आमच्या गावात काढतात."

"तिला हात तर लावून बघ," नलिनी कडाडली. तेवढ्यात उत्तराताई घरी धावल्या होत्या. गुडघेदुखीची बाई, पण शेंगदाण्याच्या तेलाची बाटली घेऊन परत आली.

नलिनीनं गालाच्या कडेनं थोडं थोडं तेल सोडलं. प्रत्येक घोट गिळेपर्यंत थांबली. चांदीची आजी वासरू होती तेव्हा सासूनं ती हातात दिली होती, आणि आज आपण आळसापायी तिच्या नातीला मारतोय, हे नलिनीच्या मनातून जाईना. ती गाईशी सतत काहीतरी बडबडत राहिली.

मुकुल आला, तोंडातून नळी घातली. फसफसता फेस आला. "हवा मोकळी नाही, फेसात अडकलीये," तो लवूला म्हणाला. "सुईनं काय निघणार होतं?" नळीतूनच त्यानं फेस मोडायचं औषध सोडलं. बऱ्याच वेळानं चांदीनं एक लांबलचक, घाणेरडी ढेकर दिली. नलिनी उतारावर बसली आणि पदर तोंडावर घेऊन रडली.

जाताना मुकुल बोललाच. "आधी सुका पेंढा, मग घास. तोही कापून सुकवलेला, थोडा थोडा. दव असताना तर मुळीच नाही."

पुढच्या शनिवारी चांदी घरून पेंढा खाऊन आली. नलिनीच्या टोपलीत सुकलेल्या पेंढ्या होत्या. लोक नाक मुरडून पलीकडच्या गवतवालीच्या हिरव्यागार टोपलीकडे गेले. उत्तराताईही तिथूनच एक पेंढी घेऊन आल्या, पाणी निथळणारी. हिरवंच द्यायची सवय.

"देवाच्या गाईला शिळं कसं द्यायचं गं?"

नलिनीनं पेंढी घेतली, झटकली आणि कट्ट्यावर उन्हात मोकळी करून पसरली.

"उद्या देते तिला," ती म्हणाली. "तुमचं पुण्य काय एका दिवसात शिळं होत नाही."

उत्तराताई हसल्या नाहीत. वाकून त्यांनी चांदीच्या डाव्या कुशीवर हळूच टिचकी मारली आणि कान लावून ऐकलं.