आठ अडथळे, तीन रकाने

आमच्या नातीला मैदानावर शिडी म्हणतात. चौदाव्या वर्षीच ती आईच्या डोक्यावरून गेली, आणि वाढली ती सगळी पायांत. घरात माळ्यावरचं काही काढायचं असलं की तिचे बाबा म्हणतात, "स्टूल राहू दे, शिडी बोलवा." ती चिडत नाही. उलट येते, वस्तू काढून देते आणि स्टूलच बाबांच्या हातात ठेवते, "तुम्हाला लागेल."

तिची शर्यत ऐंशी मीटर अडथळ्यांची. वाटेत आठ अडथळे, दोन अडथळ्यांमध्ये आठ मीटर. या आठ मीटरांत चांगली पोर तीन पावलं टाकते. मग प्रत्येक अडथळ्यावरून तोच पाय पुढे जातो आणि लय लागते. शिडी चार टाकायची. चार पावलं म्हणजे दर वेळी पाय बदलतो. तिचा उजवा पाय अडथळ्यावरून छान जायचा. डाव्याची वेळ आली की ती कचरायची आणि मागे पडायची.

हे दुरुस्त करायचं तर नुसतं 'अजून जोर लाव' म्हणून भागणार नाही, असं तिच्या प्रशिक्षकांचं म्हणणं होतं. त्यांना पोरं शिट्टीसर म्हणतात, कारण गळ्यात शिट्टी असते आणि ती वाजलेली कुणी ऐकलेली नाही. सगळं हळू आवाजात. त्यांनी शिडीसाठी बारा आठवड्यांची वेगळी योजना आखली. एक कागद, तीन रकाने. कौशल्य, शरीर, अभ्यास. प्रत्येक रकान्यात आज कुठे आहे, कुठे पोचायचं, त्यासाठी आठवड्यात काय करायचं. खाली आढाव्याच्या तीन तारखा: चौथा, आठवा आणि बारावा शनिवार. सही शिडीची, सरांची, घरातल्या एकाची आणि वर्गशिक्षिकेची.

तिचे बाबा मालट्रक चालवतात, आठवडा आठवडा बाहेर. आई रुग्णालयाच्या धुलाईखान्यात, पाळीची नोकरी. म्हणून घरातला एक म्हणजे मी.

वर्गशिक्षिका विज्ञान शिकवतात. त्यांनी सही करण्याआधी पेन खाली ठेवलं.

"विभागीय स्पर्धेला तीन दिवस शाळा बुडणार. परवानगी मी द्यायची. तर माझीही अट लिहा. आठव्या आठवड्यापर्यंत अभ्यासाचा रकाना भरला नाही, तर ही मुलगी स्पर्धेला जाणार नाही."

शिट्टीसर म्हणाले, "लिहितो."

मला वाटलं होतं ते भांडतील. त्यांनी खरंच लिहिलं. विज्ञानाची दर आठवड्याला वीस गुणांची चाचणी. त्यातल्या शेवटच्या चार चाचण्यांची सरासरी चौदा. शिडीकडे बघून त्यांनी विचारलं, "जमेल?" ती म्हणाली, "जमवते." विभागीय स्पर्धेतून पहिल्या दोघी राज्यासाठी निवडल्या जातात. त्यासाठी तिने काहीही कबूल केलं असतं.

पहिल्या आढाव्याला ती उड्या मारतच आली. शरीराच्या रकान्यात उभ्या जागेवरून लांब उडी होती. बारा आठवड्यांत एक मीटर अठ्ठ्याण्णव सेंटिमीटर गाठायची. सरांनी टेप लावला. दोन मीटर. चौथ्याच आठवड्यात.

"आबा, बघितलंत?" ती मला म्हणाली. मी बघितलं होतं. मलाही भरून आलं होतं. कामगार माणूस, वेळेआधी काम पुरं झालेलं बघितलं की छाती फुगतेच.

शिट्टीसर खुश दिसले नाहीत.

"जास्तीचं आलं कुठून?" त्यांनी विचारलं.

"म्हणजे?"

"मी आठवड्यात उड्यांचे दोन दिवस दिले होते. दोन दिवसांत इतकं येत नाही. बाकीचं कुठून आणलंस?"

ती टेप गुंडाळायला लागली. बाईंनी त्यांचा कागद पुढे केला. विज्ञानाच्या चाचण्या: नऊ, आठ, अकरा. एक दिलेलीच नाही. सरांनी कौशल्याचा रकाना दाखवला. जवळ मांडलेल्या अडथळ्यांमध्येही अजून चारच पावलं.

"बोल," सर म्हणाले.

"जिन्यावर उड्या मारायचे. रोज संध्याकाळी."

"अभ्यासाच्या वेळात?"

"हो."

सर तिच्यासमोर खाली बसले आणि तिच्या नडगीच्या आतल्या कडेवरून अंगठा दाबत नेला. तिने ओठ आवळले, पण खांदा उडालाच.

"कधीपासून?"

"आठ-दहा दिवस."

"सांगितलं का नाहीस?"

"तुम्ही उड्या बंद केल्या असत्या."

"आता केल्याच," सर म्हणाले. आवाज तेवढाच हळू. "हा कागद तुझ्याकडून किती निघतं ते बघायला नाही, शिडे. काय कुठे जातंय ते बघायला आहे. एका रकान्यात जास्त भरलंस, ते दुसऱ्या दोन रकान्यांतून काढलंस. आणि वर पायातूनही."

घरी येताना ती माझ्या पुढे पुढे चालली. जिन्याशी आल्यावर एवढंच म्हणाली, "मी मेहनत केली म्हणून बोलणी खाल्ली, आबा." मी म्हणालो, "मेहनत नाही केलीस. तुला आवडतं तेवढंच केलंस." मनाला लागलं असणार. पण खोटं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी आई तिला डॉक्टरांकडे घेऊन गेली. हाडाला तडा नव्हता. ताणाने सूज होती. दोन आठवडे उड्या आणि धावणं बंद, नंतर हळूहळू, दुखलं तर थांबायचं.

सरांनी योजना फाडली नाही, बदलली. शरीराच्या रकान्यात नवीन काही गाठायचं नाही, आहे ते टिकवायचं. पायावर आदळ न बसणारे व्यायाम आणि झोप नऊ तास. कौशल्यात चालत अडथळे ओलांडायचे. धावायचं नाही, चालायचं. आणि डावा पाय पुढे टाकून. ज्या पायाची तिला भीती, त्याच पायाने, शंभरदा. उड्यांचे दिवस गेले, ते अभ्यासाला.

"चालून अडथळे?" तिची मैत्रीण हसली. "लग्नाच्या मांडवात चाललीयेस का?"

"चालू दे," शिडी म्हणाली, आणि पाय बदलला.

बाईंनी अभ्यासाचा रकानाही उलगडला. नुसते गुण लिहून काय करायचं? चुकलेला प्रत्येक प्रश्न दुसऱ्या दिवशी पुन्हा सोडवून दाखवायचा. मधल्या सुट्टीत, बाईंच्या टेबलाशी उभं राहून. पहिल्या आठवड्यात दहा आले. मग चौदा. मग पंधरा. आता हिशेब सोपा होता: सरासरी चौदा यायला चौथ्या चाचणीत सतरा हवे होते. सतरा तिला जन्मात कधी मिळाले नव्हते.

त्या आठवड्यात आमच्या घरात कुणी मोठ्याने बोललं नाही. तिचे बाबा कुठल्याशा पंपावरून फोन करून विचारायचे, "शिडी काय करतेय?" आई सांगायची, "पुस्तकाला टेकून उभी आहे." रात्री नऊला मात्र दिवा बंद. झोपही त्या कागदावर होती. ती म्हणायची, "आबा, अजून एक धडा." मी दिवा बंद करायचो.

आठवा शनिवार. शाळेच्या खेळाच्या खोलीत आम्ही चौघं. कोपऱ्यात चटया, भिंतीला टेकवलेले अडथळे. पाय बरा होता. सरांनी दाबला तेव्हा ती हसली. अडथळे सात मीटरवर मांडले की तीन पावलं बसत होती, साडेसातवरही. पूर्ण आठ मीटरवर मात्र पहिल्या पाच अडथळ्यांपर्यंतच. पुढे दम संपला की पाऊल आखूड पडायचं.

"हरकत नाही," सर म्हणाले. "पाचपर्यंत तीन. पुढे तुटायला लागलं तर ताणायचं नाही, चार टाकायची. डावा पाय आता तयार आहे."

मग सगळ्यांनी बाईंकडे बघितलं. बाईंनी पर्समधून उत्तरपत्रिका काढली, चष्मा लावला, पुन्हा सगळी वाचली. आत्ताच तपासतायत की काय असं वाटावं.

"तिसऱ्या प्रश्नात एकक लिहायला विसरलीस," त्या म्हणाल्या. "अर्धा गुण कापला. सहाव्यात आकृती वाकडी. अर्धा तिथे."

शिडीचा चेहरा पडला.

"बाकी सगळं बरोबर. एकोणीस."

तिने आधी सरांकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि मग खोलीच्या मधोमध, जागच्या जागी एक उडी मारली.

"ए! उड्या मोजून!" शिट्टीसर ओरडले. त्यांचा आवाज चढलेला मी पहिल्यांदा ऐकला. बाई हसत सही करत होत्या.

स्पर्धेच्या दिवशी वारा समोरून होता. समोरून वारा म्हणजे पाऊल आखूड पडणार. अंतिम शर्यतीत आठ जणी. शेजारच्या पट्ट्यात एक पोर होती, सगळ्यात पुढे जाणारी. सरावात ती आठही अडथळे तीन पावलांत घ्यायची. पाचव्या अडथळ्यापर्यंत ती शिडीच्या हातभर पुढे होती. सहाव्याला वाऱ्याने सगळ्यांचीच पावलं खाल्ली. ती पोर तीनावर अडून राहिली, पाय ताणला, आणि सातव्या अडथळ्याला गुडघा लागून तिची गती मेली. शिडीने पाचव्यानंतर चार टाकली. मी कठड्याशी उभा होतो, मला दिसलं: डावा पाय पुढे, जराही न कचरता, जणू रोजचंच. पुढच्याला उजवा. मग डावा. आठव्यावरून उतरली तेव्हा पुढे कुणी नव्हतं. उरलेलं अंतर ती छाती पुढे काढून धावली आणि रेषेपलीकडे गेल्यावरही थांबेना, सर हात आडवे करून उभे राहिले तेव्हा थांबली.

पहिली. राज्यासाठी निवड पक्की.

त्याच आठवड्यात बारावा शनिवार होता. पदक पिशवीत, पिशवी शिडीच्या खांद्याला. या वेळी बाबाही आले होते. ट्रक बाहेर उभा करून, अंघोळ करून, धुतलेला शर्ट घालून. खेळाच्या खोलीतल्या छोट्या बाकावर गुडघे छातीशी घेऊन बसले. पदक त्यांनी दोनदा मागून घेतलं.

"सर," ते म्हणाले, "आता सगळं दुप्पट करा. उड्या दुप्पट, धावणं दुप्पट. राज्यात पण पहिली आली पाहिजे माझी पोर."

सरांनी नवा कागद शिडीपुढे सरकवला आणि पेन दिलं.

"बाबा," शिडी म्हणाली, "जास्तीचं आणणार कुठून?"

"कुठून म्हणजे? तू—"

"झोपेतून आणू? की विज्ञानातून? की पायातून?"

बाबांनी माझ्याकडे बघितलं. मी भिंतीकडे बघितलं. बाई खोकल्या, पण ते हसणं होतं.

"मग किती लिहितेस?" बाबांनी विचारलं.

शिडीने तिन्ही रकाने आखले. कौशल्यात लिहिलं: सहाव्या अडथळ्यापर्यंत तीन पावलं. पाचाचे सहा, एकच वाढ. शरीरात उडीत थोडी भर, आणि झोप होती तेवढीच. अभ्यासात विज्ञान ठेवून गणित जोडलं. शेवटी तीन तारखा लिहिल्या आणि कागद बाबांकडे दिला.

"पहिला आढावा चौथ्या शनिवारी. ट्रक त्या दिवशी इकडे ठेवा."

बाबांनी तारीख वाचली, बोट ठेवून पुन्हा वाचली. मग खिशातून पेन काढलं आणि घरातल्या एकाच्या जागी सही केली.